मधल्या खिडकीतला कूलर

अमरावतीत मी गेली बारा-तेरा वर्षं लोकांच्या घरात इंटरनेट बसवतो. लोक मला बोलावतात आणि मी काम करत असताना मलाच काम शिकवतात. वायफायचा डबा इथे नको, शोभत नाही. वायर दिसली नाही पाहिजे. भिंतीला भोक नको, आत्ताच पुट्टी केली. सुरुवातीला मी भांडायचो. पुढे भांडणं सोडलं, कारण मान डोलावून तीन डबे तीन खोल्यांत ठेवून निघालं की तासाभरात मोकळं होता येतं. आपण हुशार झालो, असं मला तेव्हा वाटायचं. आज तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आहे.

ताईचं घर अकोल्याला. लांबट, अरुंद प्लॉट. पुढे हॉल, मग मधली खोली, स्वयंपाकघर, मग उघडं आंगण आणि आंगणापलीकडे एक सुटी खोली, कधीकाळी भाडेकरूसाठी बांधलेली. भाऊजी वीज खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि जीभ जड झाली. ताईचा खांदा आधीच निखळलेला होता, तिला तांब्यासुद्धा डाव्या हाताने उचलावा लागतो. सहा फुटांच्या माणसाला ती कशी उठवणार?

म्हणून भाची पुण्याहून आली. पुण्यात ती एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी व्हिडिओवर सोडवायचं काम करते, पैशाच्या व्यवहारांचं काम असल्यामुळे भारी नियमांचं. तिने हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली, पण अटींवर. खोली बंद हवी, दुसऱ्या माणसाचा आवाज येता कामा नये. लाइन घरचीच हवी, मोबाइलची चालणार नाही. आणि तिच्या टेबलावर, तिच्या लॅपटॉपवर, जाता-येता दोन्हीकडचा वेग पंचवीस एमबीपीएसच्या वर राहिला पाहिजे. सहा महिने पाहू, मग पुढचं ठरवू. म्हणजे ती अकोल्यात राहणार की नाही, भाऊजींना सकाळ-संध्याकाळ व्यायाम मिळणार की नाही, हे सगळं त्या आकड्यावर येऊन बसलं.

बंद खोली म्हणजे आंगणापलीकडची. हॉलमध्ये माणसांची ये-जा, मधल्या खोलीत भाऊजींची खाट. आणि तिथे नेट पोचवायला घरातला तज्ज्ञ मामा होताच.

मी जानेवारीत गेलो. बडनेऱ्याहून गाडी पकडली, मूर्तिजापूरला चहा घेतला, बॅगेत तीन डबे. याला आम्ही मेश म्हणतो. पहिला डबा हॉलमध्ये, जिथे बाहेरून लाइन येते. दुसरा मधल्या खोलीच्या मागच्या खिडकीत. तिसरा आंगणापलीकडच्या खोलीच्या खिडकीत, भाचीच्या टेबलापासून दोन हातांवर. पहिला दुसऱ्याशी बोलतो, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा लॅपटॉपशी. डब्याडब्यांमधल्या या आपसातल्या रस्त्याला आमच्या धंद्यात बॅकहॉल म्हणतात. तो वायरीने करता येतो, नाहीतर हवेतून.

हवेतून केला की फुकटात काही मिळत नाही, हे मला माहीत होतं. मी आणले तसल्या साध्या डब्यांना डब्याशी बोलायला आणि लॅपटॉपशी बोलायला वेगळी तोंडं नसतात. एकच तोंड. मागच्याचं ऐकायचं, मग तेच पुढच्याला सांगायचं, आणि सांगत असताना ऐकणं बंद. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. लाइन दोनशेची होती. हॉलमध्ये एकशे नव्वद मिळाले, मधल्या खोलीत नव्वद, मागच्या खोलीत पंचेचाळीस. वायर टाकली असती तर तिन्ही ठिकाणी जवळपास सारखं मिळालं असतं, कारण वायरीत येणं आणि जाणं एकाच वेळी चालतं, थांबावं लागत नाही. पण पंचवीसची अट आणि पंचेचाळीस हातात. मी म्हटलं, बस झालं.

खाटेवरून भाऊजी बघत होते. मी मधल्या खिडकीत डबा ठेवला तेव्हा त्यांनी डावा हात उचलला, भिंतीकडे बोट केलं आणि जिभेशी झटापट करत म्हणाले, "वाय... र."

मला कळलं होतं. हे मी लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःलाही सांगून पाहिलं की तेव्हा ते काय म्हणत होते ते समजलंच नाही. समजलं होतं. उभी हयात खांबांवर तारा ओढलेला माणूस सांगत होता, वायर टाक. आणि मी हसलो. म्हटलं, "भाऊजी, आता जमाना बिनवायरचा हाय. तुमच्या खांबांचे दिवस गेले."

ते हसले नाहीत. ताई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अन् भोक पाडू नको बाप्पा भिंतीले. दिवाळीच्या आधीच रंग मारला. ह्याह्यनं सोता उभं राहून मारून घेतला होता."

ते मला बरंच झालं. ताईचं नाव पुढे करता आलं. खरं म्हणजे मला संध्याकाळी परत जायचं होतं, दुसऱ्या दिवशी तिवस्याला एका मंगल कार्यालयाचं काम होतं, आणि पत्र्याच्या शिडीवर चढून आंगणावरून पाइप ओढायचा कंटाळा आला होता. बहिणीच्या रंगापेक्षा माझा कंटाळा मोठा होता.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च सुरळीत गेले. भाची सकाळी सात वाजता वडिलांचं कोपर धरून हात वर न्यायची, वीस वेळा. मग पाय. मग त्यांना भिंतीला धरून उभं करायची. नऊला आंगण ओलांडून कामावर. फोनवर ताई सांगायची, आज चार पावलं चालले, आज सात. मला फार बरं वाटायचं. त्यात माझा वाटा आहे असंही वाटायचं, आणि मी ते दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला भाचीचा फोन आला. "मामा, मीटिंगमधे माहा चेहरा अडकून राह्यला. आवाज तुटते. काहून होऊन राह्यलं?"

मी एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर होतो. म्हटलं, "डब्यावर बत्ती कोणती?"

"हिरवी."

"मोबाइलमधल्या ॲपमधे सिग्नल?"

"पूर्ण दाखवते."

"मंग लाइन ठीक हाय. हॉलमधे जाऊन स्पीड पाह्य."

तिने पाहिला. एकशे अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, "पाह्यलं? माह्या कामात खोट नाही. तुह्या लॅपटॉपचं काहीतरी हाय. कंपनीले सांग."

इथे मी जे केलं ते माझ्या धंद्यातलं शेंबडं पोरही करणार नाही. ॲपमध्ये जो सिग्नल पूर्ण दिसतो तो लॅपटॉप आणि तिसऱ्या डब्यातला. ते दोघं दोन हातांवर बसलेले, त्यांचं पूर्ण नसेल तर कुणाचं असेल? आणि हॉलमधला आकडा पहिल्या डब्याचा. मधल्या रस्त्याबद्दल, दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यामधल्या हवेबद्दल, मी विचारलंच नाही. एकच प्रश्न होता, मागच्या खोलीत किती येतात? तो मी विचारला नाही, कारण उत्तर वाईट आलं असतं तर मला अकोल्याला जावं लागलं असतं.

भाचीने मामाचं ऐकलं. कंपनीला लिहून कळवलं की लाइन तपासली आहे, जाणकाराने पाहिली आहे, दोष लॅपटॉपचा आहे. कंपनीने दुसरा लॅपटॉप कुरिअरने पाठवला. त्यात आठ-दहा दिवस गेले. नव्या लॅपटॉपवरही तेच. चेहरा अडकतो, आवाज तुटतो, समोरचं गिऱ्हाईक चिडून बंद करतं. तिच्या वरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही तर म्हणालात लाइन तपासली आहे? तिने मला पुन्हा फोन केला. मी म्हटलं, लग्नसराई चालू आहे, रविवारी येतो. रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो.

सकाळी अकराला घरात शिरलो तर आंगण तापलेलं, पाय ठेवता येत नव्हता. भाचीचा चेहरा उतरलेला होता. मी बॅग उघडली आणि या खेपेला जसं करायला हवं तसं केलं. लॅपटॉप आधी हॉलमधल्या डब्याला वायरीने जोडला. एकशे नव्वद. मधल्या खोलीत, पंच्याऐंशी. मागच्या खोलीत लॅपटॉप थेट तिसऱ्या डब्याला छोट्या वायरीने जोडला. सहा. पुन्हा मोजलं. चार. मग नऊ. उत्तर यायला लागणारा वेळ इतका वरखाली होत होता की बोलणारा माणूस अडखळणारच. लॅपटॉपचा संबंध नव्हता, लाइनचा नव्हता. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत येतानाच सगळं सांडत होतं.

पण का? डबे तेच, जागा तीच. जानेवारीत पंचेचाळीस होते. मी दोन्ही बंद करून चालू केले, आतला प्रोग्राम नवा टाकला, वायफायची वाहिनी बदलली. तास गेला. घामाने शर्ट अंगाला चिकटला आणि माझा पारा चढला. भाचीला उगाच म्हटलं, "तू डबा हलवला असशीन."

"नाही हलवला मामा," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात ताईने आतून हाक मारली, "अरे, कूलरातलं पाणी संपलं वाटते. पाइप लावून दे जरा. ह्याह्यले घाम येऊन राह्यला."

मी आंगणात गेलो. मधल्या खोलीच्या मागच्या खिडकीला बाहेरून कूलर लावला होता, लोखंडी स्टँडवर, माणसाच्या छातीएवढा, चारही बाजूंनी पत्र्याचा, तीन बाजूंना ओल्या गवताच्या जाळ्या. आमच्याकडे होळी झाली की घरोघर हे धूड बाहेर येतं, त्यात नवल कोण करणार? मी नळी टाकली आणि टाकी भरेपर्यंत कूलरला पाठ टेकून उभा राहिलो. समोर, आंगणापलीकडच्या खिडकीत, तिसऱ्या डब्याची बत्ती दिसत होती. सरळ माझ्या नाकासमोर. माझ्या पाठीशी कूलर, आणि कूलरच्या पाठीशी, त्याच खिडकीत, दुसरा डबा.

जानेवारीत या दोन खिडक्यांच्या मधे नुसती हवा होती. आता टाकीभर पाणी आणि चहूकडून पत्रा होता. डबे लहरींच्या ज्या वेगवान पट्ट्यावर बोलतात त्या लहरींना पत्रा पार होत नाही आणि पाणी त्या पिऊन टाकतं. तिथे जमेना म्हणून दोन्ही डबे खालच्या जुन्या पट्ट्यावर उतरले होते, जिथे शेजारच्या दहा घरांची गर्दी आधीच बसलेली असते. बत्ती हिरवीच राहिली, कारण जोडणी तुटली नव्हती. नुसती जोडणी असणं आणि तिच्यातून काही जाणं यातला फरक मी रोज गिऱ्हाइकांना समजावतो.

मी अमरावतीचा, वऱ्हाडातच जन्मलो. माझ्या स्वतःच्या घरात दोन कूलर आहेत. जानेवारीत ती खिडकी बघताना मला एप्रिल आठवला नाही.

खात्री करायला मी आणि भाचीने टाकी अर्धी रिकामी करून स्टँड हातभर बाजूला ओढला. मागच्या खोलीत जाऊन मोजलं. चव्वेचाळीस. तिने आकडा पाहिला आणि तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग आतून भाऊजींचं कण्हणं ऐकू आलं. पाच मिनिटांत त्यांची उशी भिजली होती. त्या माणसाला आधाराशिवाय खाटेवरून उठता येत नाही. भाची उठली आणि कूलर पुन्हा खिडकीसमोर ढकलायला लागली.

बाजारात जाऊन मी वायरीचं बंडल, पाइप आणि खिळपट्ट्या घेऊन आलो. दुपारी दोनच्या उन्हात शिडी लावली. हॉलच्या भिंतीला पहिलं भोक पाडलं तेव्हा ताई स्वतः खाली सुपलं धरून उभी राहिली, डाव्या हाताने. रंगाचं नाव तिने काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हॉलपासून मधल्या डब्यापर्यंत एक वायर, तिथून आंगणावरून पाइपातून तिसऱ्यापर्यंत दुसरी. सगळी मिळून तीस मीटरही झाली नाही. चार तासांचं काम. खाटेवरून भाऊजी वायरीकडे बघत होते. मधल्या खोलीत मी वायर जरा जास्त वाकवली तर ते घशातून आवाज काढून "हं... हं" करत राहिले. मी वाक सैल केला तेव्हा थांबले.

संध्याकाळी मागच्या खोलीत मोजलं. एकशे सत्याऐंशी. कूलर भरलेला, चालू, खिडकीत. पुन्हा मोजलं, एकशे अठ्ठ्याऐंशी. आकडा जागचा हलत नव्हता.

"झालं," मी म्हटलं. "आता कंपनीले हा फोटो पाठव."

भाचीने पाठवला. मग लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, "मामा, परवाच त्याह्यचा मेल आला. परवानगी काढून घेतली. एक तारखेपासून पुण्यात हजर व्हायचं हाय."

मी म्हटलं, "मंग मघाशी काहून नाही सांगतलं?"

"तुमी एवढ्या उन्हात शिडीवर होते."

"तरी एकडाव बोलून पाह्य ना त्याह्यच्याशी. सांग, कूलरमुळे झालं, आता वायर टाकली."

"सांगतलं होतं ना आधी, लॅपटॉपचं हाय म्हणून. त्याह्यनं लॅपटॉप पाठवला. आता कूलर सांगू?" ती भांडत नव्हती. "बाई म्हणल्या, दरवेळी नवीन कारण. त्याह्यचंही बरोबर हाय."

त्या कंपनीला कूलर कुणी समजावून सांगायचा? तरी मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंसाठी पत्र लिहिलं, चूक माझी आहे, लाइन न तपासता मी तपासली असं सांगितलं, आता बॅकहॉल वायरीचा केला आहे. भाचीने ते पाठवलं. उत्तर सभ्य आलं. परवानगी आली नाही.

ती गेली त्या दिवशी भाऊजी भिंत धरून उभे होते. मी तिची बॅग रिक्षात ठेवली. त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि काढेचनात.

आता मी दर रविवारी अकोल्याला जातो. मधल्या दिवसांत एक माणूस येऊन व्यायाम करून जातो, पण तो घाईत असतो, वीसचे बारा करतो, आणि भाऊजी त्याच्यासमोर अंग सोडून देतात. सात पावलांवरून ते पुन्हा तीनवर आले आहेत. त्यामुळे भाची रोज सकाळी सातला पुण्याहून व्हिडिओ लावते आणि स्वतः मोजते. ताईने टॅबलेट मधल्या डब्याजवळच्या फळीवर उभा केला आहे.

परवाच्या रविवारी मी खाटेशी बसलो होतो. कूलर घरघरत होता. पडद्यावर भाची इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्या मागच्या हॉस्टेलच्या भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा मला दिसला. एकदाही अडकली नाही.

"मामा, असं मनगट नका धरू. कोपर धरा. खालून."

मी कोपर धरलं.

"अजून वर. थोडा जोर लावा, त्याह्यले नाही दुखत. एक. दोन. बाबा, तोंड नका करू, मले सगळं दिसते. तीन."

चौथ्याला भाऊजींनी डाव्या हाताने आपला उजवा हात माझ्या हातातून सोडवून घेतला. डाव्या हाताचं बोट आधी भिंतीवरच्या वायरीकडे नेलं, तिच्यावरून हळूहळू फिरवत पडद्यापर्यंत आणलं आणि माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"चार," पुण्याहून ती म्हणाली. "मामा, सोडू नका."